पाच फुटांवर उभे राहा

ऑक्टोबर १९५०. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडच्या टोकाकडे, स्प्रिंग्ज नावाच्या गावात तुम्ही आला आहात. समोर एक साधं घर, मागे गवताळ खाडी आणि घराच्या बाजूला लाकडी कोठार. कोठाराचं दार उघडं आहे. आत चूल नाही, शेगडी नाही, दिवेही नाहीत. जो काही उजेड आहे तो दिवसाचा. थंडी वाढली की इथलं काम थांबतं, म्हणून हे शेवटचे बरे दिवस हातचे जाऊ न देता काम चाललंय. आत या. दाराजवळ भिंतीला टेकून उभे राहा. तुम्ही कोणालाच दिसणार नाही.

तुमच्या कलेतिहासाच्या पुस्तकात इथलं एक चित्र वीतभर छापलेलं आहे. काळ्या, पांढऱ्या, तपकिरी रेषांचा गुंता. ते पाहून तुम्ही विचारलं होतं की यात बघायचं काय? प्रश्न रास्त आहे. वीतभर छापील चित्रात बघण्यासारखं खरोखरच फार थोडं उरतं. म्हणून मूळ चित्र तयार होत असतानाच तुम्हाला इथे आणलं आहे.

जमिनीवर सुती कॅनव्हास पसरलेला आहे. त्याला चौकट नाही आणि अस्तराचा हातही दिलेला नाही. गठ्ठ्यातून उलगडला तसाच, कच्च्या कापडाच्या पिवळट रंगाचा. रुंदी सतरा फुटांहून जास्त, उंची पावणेनऊ फूट. हे माप लक्षात ठेवा. एका बाजूला उभं राहून हात कितीही लांबवला तरी मध्यापर्यंत पोचत नाही. जो माणूस हे चित्र काढणार आहे त्याला त्याच्याभोवती चालावंच लागेल.

तो माणूस म्हणजे जॅक्सन पोलॉक, वय ३८. अंगात काळा शर्ट आणि जीन्स, हातात रंगाचा डबा. दुसऱ्या हातात ब्रश आहे, पण केस वाळून कडक झालेला. तो काठीसारखाच वापरायचा. डब्यातला रंग ट्यूबमधला नाही. घरातल्या दारं-खिडक्यांना लावतात तसला एनॅमल आहे, पातळ केलेला. भिंतीशी एका उंच स्टुलावर त्याची बायको ली क्रॅस्नर बसली आहे. ती स्वतः चित्रकार आहे आणि बोलत नाहीये, बघते आहे. हान्स नामुथ नावाचा तरुण छायाचित्रकार कॅमेरा घेऊन कडेकडेने फिरतो आहे. जुलैपासून तो येतोय. आज आपल्याला या चित्राचा क्रम माहीत आहे तो बऱ्याच अंशी त्याच्या फोटोंमुळेच.

आता हाताकडे बघा. पोलॉक उजव्या अंगाकडून सुरुवात करतो. काळा रंग घेऊन तो कॅनव्हासवर वाकतो, पण काठी कापडाला टेकत नाही. ती हवेतच राहते आणि तिच्या टोकावरून रंगाची धार सुटते. कापडावर उमटतं ते धारेचं, काठीचं नाही. मनगट वळलं की लहान वळसा येतो. कोपरातून हात फिरला की फूट-दीड फुटाची कमान येते. खांद्यातून फिरला की तीन-चार फुटांची. आणि तो चालता चालता हात सोडतो तेव्हा एकच रेषा सात-आठ फूट धावते. पुढे कधी हे चित्र भिंतीवर पाहाल तेव्हा प्रत्येक रेषेला हाच प्रश्न विचारा: ही कुठल्या सांध्यातून आली? मनगट, कोपर, खांदा की पाय? चित्रकलेत ज्याला जेश्चर म्हणतात ते इथे असं मोजता येतं. त्यासाठी चित्रकाराच्या मनात दुःख होतं की राग, हे ओळखायची गरज पडत नाही.

थोडं पुढे सरका आणि धारेकडे जवळून बघा. घट्ट काकवी ताटावर उंचावरून ओतली की तिची धार आपोआप गरगर फिरते आणि वेटोळी रचत जाते. एनॅमलही तसाच द्रव आहे. हात सावकाश फिरला तर वेटोळी पडायला हवीत. पण इथे बहुतेक रेषा सलग आहेत, वेटोळी फार कमी. अनेक वर्षांनी, २०१९मध्ये, द्रवपदार्थांचा अभ्यास करणाऱ्या काही संशोधकांनी नामुथने केलेल्या चित्रीकरणावरून हाताचा वेग आणि उंची मोजली. त्यांना आढळलं की पोलॉकचा हात वेटोळी पडू न देण्याइतका वेगात आणि त्यासाठी योग्य त्या उंचीवरून फिरत होता. याचा अर्थ असा की रंग किती पातळ, काठी किती वर आणि हात किती जलद, या तिन्हींचा मेळ त्याच्या अंगात मुरलेला होता. नुसता रंग उडवल्याने तो बसत नाही. घरी एनॅमलचा डबा घेऊन करून बघा, पहिल्या दहा रेषांमध्येच फरक कळेल.

काळ्याचा एक थर पडतो. मग तो मधल्या भागात येतो, मग डावीकडे. तिन्ही भागांना बांधणाऱ्या लांब तिरक्या रेषा टाकतो. त्यानंतर तपकिरी, पांढरा, थोडा निळसर करडा. कच्च्या कापडाने काही ठिकाणी काळा पिऊन टाकला आहे. तिथे रेषेची कड मऊ दिसते, डाग पडल्यासारखी. जिथे रंग घट्ट होता तिथे तो कापडावर उठून राहिला आहे आणि चकाकतो. पांढरा ओल्या काळ्यावर पडला तिथे दोघे एकमेकांत शिरून शिरा उमटल्या आहेत. वाळलेल्यावर पडला तिथे रेषा स्वच्छ कापलेली आहे. म्हणजे कुठली रेषा आधीची, कुठली नंतरची, मध्ये किती वेळ गेला, हे सगळं पृष्ठभागावर वाचता येतं. बारीक रेषा म्हणजे हात जोरात गेला. रंगाचं थारोळं म्हणजे हात थांबला.

शेवटी कडांकडे बघा. गुंता एवढा मोठा, पण कडेशी आलेल्या रेषा बहुतेक आत वळतात. बाहेर उडून जाणं सोपं होतं, तरी तो वळवतो. दुसऱ्याच महिन्यात टाइम साप्ताहिक याच्या चित्रांबद्दल लिहिताना गोंधळ हा शब्द वापरेल आणि हा माणूस तार करून ठणकावेल की गोंधळ अजिबात नाही. वळलेल्या कडा बघितल्यावर तुम्हाला त्याचं म्हणणं पटायला हरकत नाही. या चित्राला पुढे ‘ऑटम ऱ्हिदम’ नाव मिळेल. १९५६ साली पोलॉक मोटार अपघातात जाईल आणि १९५७मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम हे चित्र ३०,००० डॉलरना घेईल. तुम्ही उभे आहात त्या लाकडी जमिनीवर मात्र कडेबाहेर गेलेला रंग तसाच राहील. १९५३ साली कोठार थंडीसाठी सज्ज करताना ती झाकली जाईल आणि कितीतरी वर्षांनी पुन्हा उघडी केली जाईल.

मग एवढा आकार कशासाठी? त्याचं एक कारण भिंतीत आहे. तरुणपणी, १९३६ साली, पोलॉकने मेक्सिकन भित्तिचित्रकार सिकेरोस यांच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यशाळेत काम केलं होतं. तिथे कारखान्यातले रंग ओतणं, फवारणं हे सगळं त्याने पाहिलं होतं. मेक्सिकन भित्तिचित्रं सार्वजनिक इमारतींच्या भिंतीवर असतात आणि त्यांच्यासमोर माणसं चालतात. पोलॉक आणि त्याच्या बरोबरीच्या चित्रकारांनी भिंतीचा तो आकार घेतला आणि त्यातली गोष्ट, माणसं, इतिहास काढून टाकला. मग उरलं काय? याचं उत्तर या कोठारात अर्धंच मिळतं, कारण इथे तुम्ही चित्रकाराचं शरीर पाहिलंत. दुसरं शरीर तुमचं स्वतःचं. त्यासाठी शहरात जायला हवं.

चला, सहा महिने पुढे.

एप्रिल १९५१चा शेवट. मॅनहॅटन, ईस्ट ५७वा रस्ता, क्रमांक १५. जिना चढून वर या. ही बेटी पार्सन्सची गॅलरी. इतर गॅलऱ्यांत मखमल आणि सोनेरी चौकटी असतात. इथे पांढऱ्या भिंती आहेत आणि दुसरं काही नाही. गेल्या नोव्हेंबर-डिसेंबरात याच भिंतींवर पोलॉकचं ‘ऑटम ऱ्हिदम’ लागलं होतं. गेल्याच आठवड्यापर्यंत इथे मार्क रॉथ्कोची चित्रं होती. आता २३ एप्रिलपासून बार्नेट न्यूमनचं दुसरं प्रदर्शन लागलं आहे. गॅलरी तीच, हंगामही तोच, चित्रं मात्र एकमेकांपासून किती दूरची!

आत शिरताच डोळ्यांवर लाल रंग येतो. अख्खी भिंत लाल. जवळजवळ आठ फूट उंच आणि पावणेअठरा फूट रुंद कॅनव्हास, त्यावर एकच लाल आणि त्याला वरपासून खालपर्यंत छेदणाऱ्या पाच उभ्या पट्ट्या. नाव लॅटिनमध्ये आहे, ‘विर हिरॉइकस सब्लिमिस’. त्यात माणूस आहे, वीर आहे, भव्य आहे. पण चित्रात माणूस कुठेच नाही. इथे पोलॉकसारखी रेषांची धावपळ नाही, हाताचा मागही सहज सापडत नाही. पहिल्या झटक्यात तुम्ही जे करता तेच इतर प्रेक्षक करत आहेत: तुम्ही मागे सरकता. मोठी गोष्ट पूर्ण दिसावी म्हणून आपण दूर जातो, हे स्वाभाविक आहे. मागे सरकता सरकता तुम्ही दाराशी पोचता. तिथून काय दिसतं? एक लाल आयत आणि त्यावर पाच रेघा. झेंड्यासारखं काहीतरी. दोन सेकंदांत संपतं. बाजूचा एक माणूस खांदे उडवून निघून जातो.

आता भिंतीवर टाचलेला तो कागद वाचा. न्यूमनने स्वतः लावला आहे. मोठी चित्रं लांबून बघायची लोकांना सवय असते, पण इथली मोठी चित्रं जवळून बघण्यासाठी आहेत, असं त्यात सांगितलं आहे. एवढंच. मोठ्या रंगीत कॅनव्हाससमोर गोंधळलेल्या विद्यार्थ्याला द्यावी अशी याहून चांगली सूचना मला माहीत नाही. ती पाळा. कॅनव्हासपासून पाच फुटांवर जा आणि नजर समोर ठेवा.

काय बदललं ते नीट समजून घ्या, कारण हा बदल मोजता येतो. दाराशी, वीस फुटांवर, हे चित्र तुमच्या दृष्टीचे सुमारे ४८ अंश व्यापत होतं. पाच फुटांवर ते सुमारे १२० अंश व्यापतं. आपल्या डोळ्यांना बारकावा दिसतो तो फार छोट्या भागात. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या. बाकी सगळं आपण डोळ्याच्या कडेने बघतो, आणि डोळ्याची कड आकार ओळखण्यात कच्ची पण उजेड आणि हालचाल टिपण्यात पक्की असते. म्हणजे पाच फुटांवर चित्राच्या डाव्या-उजव्या टोकांना तुम्ही नीट पाहूच शकत नाही. ती तुम्हाला फक्त जाणवतात. चित्र वस्तूसारखं समोर राहत नाही, तुम्ही उभे आहात त्या जागेसारखं होतं. हेच चित्र फोनवर, फूटभर अंतरावर धरून पाहिलं तर ते जेमतेम २८ अंश व्यापतं आणि सगळंच्या सगळं एका नजरेत मावतं. म्हणून फोनवर ते पोरकट वाटतं. फोनवर तुम्ही पाहिलं होतं ते या चित्राचं आवरण.

घाई करू नका, उभे राहा. अर्ध्या मिनिटाने लाल रंग एकसारखा राहत नाही. डोळा एका रंगाला थकतो, मग नजर थोडी हलली की तिथला लाल जरा फिका, शेजारचा जरा जास्त तेजस्वी वाटू लागतो. या हलत्या लालमध्ये त्या उभ्या पट्ट्या तुम्हाला धरून ठेवतात. न्यूमन पुढे त्यांना ‘झिप’ म्हणेल. त्या पाचही वेगळ्या आहेत. मध्याच्या डावीकडची पांढरी पट्टी बघा: दोन लाल फळ्यांच्या मधल्या फटीतून उजेड यावा तशी ती दिसते. उजवीकडची गडद मरून पट्टी उलट लालच्या आत थोडी खोल गेल्यासारखी वाटते. रुंदी सारखी नाही, कडाही सारख्या नाहीत. एखादी सुरीने कापल्यासारखी, एखादी किंचित विरलेली. पांढऱ्या आणि मरून पट्टीच्या मधला लाल भाग डोळ्यांनी मापून बघा. तो चौरस आहे. पावणेअठरा फुटांच्या पसाऱ्यात न्यूमनने एक चौरस लपवला आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर बरोबर उभे आहात.

आता चाला. डावीकडून उजवीकडे, चित्राला समांतर. एक पट्टी मागे पडते, दुसरी जवळ येते. पट्टी उभी आहे आणि तुम्हीही उभे आहात. तिची उंची तुमच्याहून जास्त, रुंदी तुमच्याहून कितीतरी कमी. एवढ्या मोठ्या रिकाम्या लालमध्ये तुमच्याशी ताडून बघता येईल अशी ती एकच गोष्ट आहे. माणूस चित्रात नाही असं तुम्हाला आत शिरताना वाटलं होतं. तो आहे; चित्राच्या पुढ्यात उभा राहून तुम्ही ती जागा भरली आहे. पोलॉकच्या कोठारात चालणारा चित्रकार होता. इथे चालणारे तुम्ही आहात.

त्याच प्रदर्शनातलं दुसरं एक चित्र शोधा. सहज नजरेतून सुटेल. ‘द वाइल्ड’, १९५०. उंची तीच, आठ फूट. रुंदी फक्त चार सेंटिमीटर, म्हणजे दीड इंच. लाल चित्रातली एक पट्टी जणू सुटून एकटीच भिंतीवर येऊन उभी राहिली आहे. क्षेत्रफळाने ते लाल चित्राच्या शंभराव्या भागाएवढंही नाही. पण त्याच्यासमोर उभं राहिलं की आजूबाजूची भिंत ताणली जाते आणि ते लहान वाटत नाही. यावरून एक गोष्ट पक्की कळते: न्यूमनला फुटांची हौस नव्हती. चित्र किती मोठं आहे यापेक्षा ते तुमच्या शरीराच्या हिशेबात कसं उभं राहतं, याची त्याला काळजी होती. कॅनव्हास मोठा केला म्हणून चित्र मोठं होत नाही. एखादं लहान चित्र नुसतं पटीने वाढवलं तर लगेच ओळखू येतं: मनगटातून आलेला फटका हातभर जाड होतो, पण त्यात हाताचा वेग नसतो; रंगाचा भाग वाढतो, पण त्याच्या कडेशी काहीच घडत नाही. मोठ्या कॅनव्हाससमोर ही परीक्षा घ्यायला विसरू नका.

गेल्या आठवड्यात इथे रॉथ्कोची चित्रं असताना आला असतात तर हेच दुसऱ्या वाटेने कळलं असतं. त्याचे रंगाचे मऊ चौकोन पातळ थरांवर थर देऊन केलेले असतात आणि खालचा थर वरच्यातून डोकावतो. कडा विरलेल्या असतात, त्यामुळे चौकोन मागे आहे की पुढे, हे डोळा ठरवू शकत नाही. याच १९५१च्या वसंतात न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममधल्या एका परिसंवादात रॉथ्कोने सांगितलं की मोठी चित्रं तो दिमाखासाठी काढत नाही, जवळिकीसाठी काढतो. छोटं चित्र काढताना माणूस स्वतःच्या अनुभवाबाहेर उभा राहून तो न्याहाळतो. मोठं काढताना तो त्याच्या आत असतो, आणि मग त्यावर ताबा त्याचा राहत नाही. भव्य चित्र म्हणजे दबदबा, असं आपण राजवाड्यांतली चित्रं पाहून शिकलो आहोत. हे चित्रकार त्याच्या अगदी विरुद्ध गोष्ट सांगत होते. हे ऐकल्याशिवाय त्यांची चित्रं उलगडत नाहीत.

न्यूमनच्या या प्रदर्शनाचं स्वागत मात्र वाईट होतं. टीकाकार झोडपतात, सोबतचे चित्रकारही फारसे पाठीशी उभे राहत नाहीत. तो खचतो आणि पुढची काही वर्षं एकल प्रदर्शन करत नाही. लोक दाराशीच थांबले. टाचलेल्या कागदाने त्यांना पाच पावलं पुढे आणलं नाही.

आणखी पुढे चला, १९६८ साली. न्यूयॉर्क तेच, पण आता सोबत मुंबईचा एक चित्रकार आहे. तयेब मेहता, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढलेले, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. जॉन डी. रॉकफेलर तिसरा फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत आले आहेत. न्यूमनसारख्यांची चित्रं त्यांनी आधी पाहिली होती, पण छापील. आता मूळ चित्रासमोर ते उभे राहतात आणि हादरतात. पुढे त्यांनी सांगितलं की मूळ चित्र पाहिलं नसतं तर हा सगळा प्रकार त्यांनी चमकोगिरी म्हणून सोडून दिला असता. आकृती एकही नाही, तरी रंग ज्या तऱ्हेने लावला आहे आणि सगळ्या पसाऱ्याचं प्रमाण ज्या तऱ्हेने साधलं आहे, त्याने ते आतून हलले. मुंबईत परतल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर रंग सपाट, मोठ्या भागांत पसरू लागले आणि एक तिरकी रेषा अख्खं चित्र छेदून जाऊ लागली. तुटलेल्या देहाची माणसाची आकृती त्यांनी सोडली नाही. ती त्यांची स्वतःचीच होती. पण तिच्याभोवतीच्या सपाट रंगाला तिच्याएवढंच वजन आलं. तयेब मेहतांची तिरकी रेषा पुढच्या वेळी बघाल तेव्हा तिच्या मागे मूळ चित्रासमोरचा तो क्षण आहे, हे लक्षात असू द्या.

शेवटचा मुक्काम ॲमस्टरडॅम, १९९१. स्टेडेलिक म्युझियममध्ये न्यूमनचं एक मोठं लाल चित्र आहे, साडेपाच मीटरच्या आसपास रुंद, १९६०च्या दशकातलं. १९८६मध्ये एका माणसाने त्यावर सुरी चालवली. दुरुस्तीला पाठवलेलं चित्र आता परत आलं आहे. तुम्ही समोर उभे राहता. चिरा दिसत नाहीत, लाल आहे, माप तेच आहे. तरी ज्यांनी आधीचं चित्र पाहिलं होतं ते अस्वस्थ आहेत. लालची खोली गेली, असं ते म्हणतात. प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा निघालं की चिरांपुरती दुरुस्ती झालेली नव्हती. लाल भागावर नव्याने रंग चढवला होता. ‘हे तर मीही रंगवीन’ असं ज्यांना या चित्रांबद्दल वाटतं, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. तोच आकार आणि तोच लाल दिसत असूनही जाणकार डोळ्यांना फरक कळला, कारण न्यूमनच्या हाताने थरांवर थर देऊन आलेला तो जिवंत पृष्ठभाग उरला नव्हता.

पोलॉकच्या बाबतीतही असंच झालं. त्याचं १९५०चं ‘वन: नंबर ३१’ हे चित्र मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे. २०१३च्या सुमारास ते साफ करताना तिथल्या संवर्धकांना काही जागा खटकल्या. ओतलेल्या, ठिबकलेल्या रंगांमध्ये मध्येच बारीक, काळजीपूर्वक मारलेले ब्रशचे फटके होते. मनगटाचे फटके, जे या चित्रात कुठेच बसत नव्हते. जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर कळलं की हा भाग पोलॉकचा नाही. १९६०च्या दशकात कोणीतरी केलेली डागडुजी आहे. ती काढून टाकण्यात आली. स्प्रिंग्जच्या कोठारात तुम्ही जो प्रश्न शिकलात, ही रेषा कुठल्या सांध्यातून आली, तोच प्रश्न विचारून तज्ज्ञांनी नकली भाग पकडला.

आता परत या, तुमच्या वर्गात. अमूर्त अभिव्यक्तिवाद या नावाखाली परीक्षेला येणारी नावं आणि सनावळी पाठ कराच, पण चित्र बघायचं कसं, हे या प्रवासात तुम्हाला मिळालं आहे. मोठ्या रंगीत कॅनव्हाससमोर पुढच्या वेळी उभे राहाल तेव्हा अर्थ शोधत दाराशी थांबू नका. सुरक्षारक्षकाने आखलेल्या रेषेपर्यंत पुढे या. एक-दोन मिनिटं हलू नका, मग चित्राला समांतर चालत जा. रेषा असतील तर सांधा विचारा. रंग असेल तर कडेशी काय घडतंय ते बघा. एवढं करूनही चित्र तुमच्याशी काहीच बोललं नाही, तर ते चित्र कमकुवत आहे असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त तो निकाल पाच फुटांवरून द्या. पुस्तकातल्या वीतभर छापावरून नको.